मावशी, हॉटेलच्या खोलीतल्या दारामागच्या पाटीचं मराठी करून पाठवतेय

मावशी फोटो मिळाला. वर उजवीकडे फ्लॅशची चकाकी आलीये पण झूम करून वाचता आलं, फक्त तळाची एक ओळ अर्धी कापली गेलीये, तिचं शेवटी सांगते. तू म्हणालीस नुसतं महत्त्वाचं तेवढं सांग, पण मी दोनदा वाचलं आणि मला यात गाळण्यासारखं एकही वाक्य दिसलं नाही, म्हणून अख्खंच मराठीत लिहिलंय. मध्ये मध्ये माझं बोलणं आहे ते पाटीवर नाहीये. काकांना मोठ्याने वाचून दाखव, त्यांना चष्म्याशिवाय फोनवर दिसणार नाही.

पाटी अशी सुरू होते:

"आग लागल्यास काय करावे. खोली ६१४, सहावा मजला. कृपया खोलीत आल्यावर लगेच वाचा.

तुम्हाला आग दिसली तर: जवळचा फायर अलार्म वाजवा. खोलीतून बाहेर पडा आणि दार ओढून बंद करा. फोनवर ० दाबून रिसेप्शनला कळवा. स्वतःला धोका नसेल आणि यंत्र वापरता येत असेल तरच आग विझवायचा प्रयत्न करा."

फायर अलार्म म्हणजे कॉरिडॉरमधे भिंतीवर छोटा लाल चौकोनी डबा असतो ना, तो. त्यावर 'काच फोडा' असं लिहिलेलं असतं पण बहुतेक ठिकाणी त्याची पट्टी अंगठ्याने जोरात आत दाबली की पुरतं. आणि दार 'बंद करा' लिहिलंय त्याचा अर्थ नुसतं लावून घ्या असाच आहे, किल्ली फिरवत बसू नका. बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवून धरतं, म्हणून ही ओळ पाटीवर दोनदा येते, मी पण दोनदाच ठेवलीये.

"अलार्म वाजला तर: ताबडतोब निघा. सामान गोळा करू नका. खोलीची किल्ली सोबत घ्या. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने तपासा. दार गार असेल तर सावकाश उघडा, बाहेर पडा आणि ओढून बंद करा. लिफ्ट वापरू नका. नकाशात दाखवलेल्या जवळच्या जिन्याने उतरा. धूर असेल तर वाकून किंवा रांगत जा. जमायच्या ठिकाणी पोचा. परवानगी मिळेपर्यंत इमारतीत परत जाऊ नका."

किल्लीचं वाक्य वाचून तुला वाटेल की एवढ्या घाईत किल्ली कशाला, पण ते फार बरोबर आहे. बाहेर गेलात आणि जिन्यात काळा धूर भरलेला दिसला तर मागे फिरून खोलीतच यावं लागतं, आणि हॉटेलचं दार आपोआप लॉक होतं, कार्ड नसेल तर दोघं कॉरिडॉरमधे अडकाल. तुमचं कार्ड बहुतेक दाराजवळच्या लाइटच्या खाचेत असेल. ते काढलं की थोड्या वेळाने खोलीतले दिवे जातात, म्हणून मोबाइल उशाशी ठेव आणि टॉर्च कसा लावायचा ते काकांना एकदा करून दाखव. तळहाताऐवजी हाताची मागची बाजू अशासाठी की दार तापलेलं असलं आणि तळवा भाजला तर मग कठडा धरता येत नाही, रांगताही येत नाही. लिफ्टचं तर विचारूच नकोस, वीज गेली तर मधेच बंद पडते, शिवाय लिफ्टच्या पोकळीत धूर चढतो, काका गुडघ्याचं कारण सांगून लिफ्टकडे वळतील तर त्यांचा हात धर.

"बाहेर पडता येत नसेल तर: खोलीतच थांबा. दार बंद ठेवा. दाराखालची फट आणि हवा येण्याच्या जागा ओल्या टॉवेलने, चादरींनी बंद करा. एसी बंद करा. फोन करून खोलीचा नंबर सांगा. खिडकीत उभे राहून लक्ष वेधून घ्या. धूर आत आल्यास जमिनीलगत राहा."

धूर गरम असतो म्हणून वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा खाली उरते, एवढंच त्या शेवटच्या वाक्यामागे आहे. आगीपेक्षा धुरानेच माणसं जास्त दगावतात. बाथटबमधे पाणी भरून ठेवा असं काही यात नाहीये, काका म्हणत होते ते त्यांनी दुसरीकडे कुठे ऐकलं असेल.

आता नकाशा. लाल ठिपक्याशी लिहिलंय "तुम्ही इथे आहात". तिथून दोन हिरवे बाण निघतात, एक डावीकडे जिना अ, दुसरा उजवीकडे लिफ्टच्या पलीकडे जिना ब. हिरव्या पाटीवर पळणारा माणूस असतो तीच खूण. अ जवळ आहे, मी मोजली, मधे चार दारं. पण नकाशावर विसंबू नकोस, दाराकडे तोंड करून उभी राहा, मग बाहेर जाऊन खरंच जिना डाव्या हाताला आहे का ते बघ, कधीकधी नकाशा उलटा लावलेला असतो. दारं हात लावत मोज, कारण धुरात पाट्या दिसत नाहीत. जिन्याचं दार ढकलून उघडतं का तेही बघ. हे आज जेवायला जाताना कर, उद्यावर नको.

नकाशात जिना अ च्या आत व्हीलचेअरची खूण आहे आणि शेजारी बारीक अक्षरात: "जिना उतरू न शकणाऱ्यांनी इथे थांबावे, मदत येईल." या जागेसाठी पाटीवर जो शब्द आहे त्याला डिक्शनरीत 'आश्रयस्थान' दिलंय, पण ते वाचून कुणालाच काही कळलं नसतं म्हणून मी 'थांबायची सुरक्षित जागा' असं म्हणते. मावशी ही जागा काकांसाठी आहे. इतके मजले त्यांना उतरवणार नाहीत आणि तुला त्यांना धरून नेता येणार नाही. तिथे पोचलात की जिन्याचं दार लावून घ्या, भिंतीवर बोलायचं बटण असेल तर दाबा आणि दोघं आहात हे सांगा. आणि आत्ताच रिसेप्शनला फोन करून सांग की ६१४ मधल्या एकांना जिना उतरता येत नाही. लाजू नकोस, असं सांगितलं तरच त्यांच्याकडे नोंद राहते. खालच्या मजल्यावर दुसरी खोली मिळेल का तेही विचार, मी तर खोली बदलूनच घेतली असती.

आणखी एक, पाटीवर "मजला १ वर बाहेर पडा" आहे. मला वाटतं इथे तळमजल्यालाच १ म्हणतात, कारण नकाशातलं रस्त्यावर उघडणारं दार १ वर दाखवलंय. तू उतरशील तेव्हा जिन्याच्या भिंतीवर आकडा बघत ये, त्याच्या खाली तळघर आहे, तिकडे जायचं नाही.

कापली गेलेली ओळ म्हणजे जमायचं ठिकाण, मला एवढंच वाचता आलं: "मागचे पार्किंग, फाटक..." आणि पुढचा आकडा फोटोबाहेर गेलाय. फ्लॅश बंद करून खालच्या भागाचा एक फोटो पाठव ना, मी जागी आहे.