दादा आणि वहिनीला: मुलांच्या पालकत्वाबद्दल

प्रिय दादा आणि वहिनी,

तुमच्या मृत्युपत्रात सई आणि अर्णवचे पालक म्हणून माझं आणि प्रकाशचं नाव घालू का, असं तुम्ही विचारलं होतंत. आम्हाला ही जबाबदारी घेता येणार नाही. उत्तर सुरुवातीलाच लिहून टाकलं, कारण पुढचं पत्र वाचताना 'ही हो म्हणतेय की नाही' असं तुम्हाला ओळींमधून शोधत बसावं लागू नये.

उत्तर द्यायला इतके दिवस लागले ते विचार करायला लागले. तुम्ही विचारलंत त्या रात्री मी आणि प्रकाश बराच वेळ काहीच बोललो नाही. आपल्या मागे आपली मुलं कोणाच्या घरात वाढावीत, या प्रश्नाला कोणी आपलं नाव घेतं, याहून मोठा विश्वास मला तरी माहीत नाही. तो मनापासून पोचला. म्हणूनच नुसतं 'जमणार नाही' लिहून मोकळं व्हायचं नव्हतं.

कारण ओम आहे. तो आता चौदा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण घरातला रोजचा दिवस कसा जातो ते येऊन-जाऊन असणाऱ्या माणसाला पूर्ण दिसत नाही. उठण्याची वेळ, जेवणाची जागा, घरातले आवाज, यातलं एक काही अचानक बदललं तरी त्याचे पुढचे कित्येक दिवस बिघडतात. झोप जाते, कधी तो स्वतःला मारून घेतो. आता ज्या दिवसासाठी तुम्ही आमचं नाव विचारताय, तो दिवस डोळ्यांसमोर आणा. आईवडील गमावलेली दोन मुलं आमच्या दारात येतील. अर्णव रात्री रडत उठेल. सई कदाचित रडणारच नाही, आतल्या आत मिटून जाईल. ती तशीच आहे. त्या मुलांना तेव्हा असं घर हवं, जिथे कोणीतरी हातातलं सगळं बाजूला ठेवून त्यांच्यापाशी बसेल. आमच्या घरात ते शक्य नाही. मी अर्णवजवळ बसले असताना ओमची ओरड सुरू झाली, तर मला उठावं लागेल. आणि मी उठले की अर्णवला जे कळेल, ते त्या वयाच्या मुलाला कधीच कळू नये असं मला वाटतं.

प्रेम कमी पडेल म्हणून मी नाही म्हणत नाहीये. सईच्या जन्मापासून ती माझी आहे. पण मुलांना रोज सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत माणूस लागतं, आणि ते माणूस आमच्याकडे उरलेलं नाही. खर्चाचाही प्रश्न नाही. दादा, तू म्हणालास की विम्याची आणि शिक्षणाची सगळी तरतूद केलेली असेल. मला त्यात शंकाच नाही, पण पैशाने दिवसाचे तास वाढत नाहीत.

वहिनी, तू म्हणालीस, "नुसतं नाव घालून ठेवू, वेळ थोडीच येणार आहे." वेळ येऊ नये हीच माझीही प्रार्थना आहे. पण मृत्युपत्र लिहायचं ते वेळ आली तर, असं धरूनच. ओमसाठी आम्ही हीच कागदपत्रं करत होतो तेव्हा वकिलांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. मृत्युपत्रात नाव आहे म्हणून त्या माणसावर सक्ती होत नाही. आयत्या वेळी तो नकार देऊ शकतो, आणि तसं झालं की मुलांनी कुठे राहायचं हे कोर्टात ठरतं. ते ठरेपर्यंत मुलं अधांतरी. आज तुमचं मन राखायला मी हो म्हटलं आणि तेव्हा झेपलं नाही, तर त्याची किंमत सई आणि अर्णव मोजतील. आज नाही ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमच्या हातात दुसरं माणूस शोधायला वेळ आहे. मला तो वेळ तुम्हाला द्यायचा आहे.

याच कारणासाठी पर्यायी पालक म्हणूनही आमचं नाव ठेवू नका. दुसऱ्या क्रमांकाचं नाव वापरायची वेळ येते तेव्हा पहिलं नाव आधीच गळालेलं असतं, म्हणजे त्या माणसाने तर जास्तच खंबीर असायला हवं.

आम्ही काय करू शकतो, तेही तितकंच स्पष्ट लिहिते. मुलांना वाढवणारं माणूस आणि त्यांचे पैसे सांभाळणारं माणूस एकच असलं पाहिजे असं नाही. उलट दोन वेगळी माणसं असली तर एकमेकांवर लक्ष राहतं. प्रकाश हिशेबात किती काटेकोर आहे ते तुम्ही पाहिलं आहे. मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्या पैशांची व्यवस्था पाहायला तो तयार आहे. त्याच्याशी बोलूनच हे लिहितेय. आणि मुलं कोणाच्याही घरी असोत, मी त्यांची आत्याच राहीन. फोनवर असेन, त्यांना भेटायला जाईन, तुमच्या लहानपणीच्या गोष्टी त्यांना सांगत राहीन.

माणूस निवडताना नात्याचा मान म्हणून कोणाचं नाव घालू नका, एवढं धाकटी असूनही सांगते. त्या माणसाचं वय, तब्येत, घरातली माणसं, आणि मुख्य म्हणजे मुलांचं त्याच्याशी आज किती जमतं ते बघा. सई अकरा वर्षांची आहे. मृत्युपत्राचा विषय न काढताही तिला कोणाकडे राहायला आवडतं ते तुम्हाला सहज कळेल. एखाद्या जोडप्याचं नाव घालणार असाल, तर पुढे ते दोघं वेगळे झाले किंवा एकच राहिला तर मुलं कोणाकडे, हेही लिहून ठेवा. तुम्ही दोघं वेगवेगळी मृत्युपत्रं करत असाल, तर दोन्हींत नाव एकच हवं. आणि ज्यांना विचाराल त्यांना नाही म्हणायला मोकळीक द्या, तुम्ही मला दिलीत तशीच.

शिवाय मुलांच्या सवयी, शाळेबद्दलचं तुमचं मत, अर्णवला अंधाराची वाटणारी भीती, असं सगळं एका साध्या पत्रात लिहून मृत्युपत्राबरोबर ठेवा. ओमसाठी मी तसं पत्र लिहिलंय आणि तो बदलतो तसं तेही बदलत असते. हवं असेल तर तुमचं लिहायला मी बरोबर बसेन.

वकिलांकडच्या मसुद्यात आमची नावं घातली गेली असतील, तर सह्या होण्याआधी ती काढायला सांगा. प्रकाशचं नाव पैशांच्या व्यवस्थेसाठी घालायचं ठरलं, तर वकिलांना त्याचा फोन नंबर द्या. काय काय करावं लागेल ते तो त्यांच्याशी थेट बोलून घेईल.

दादा, तुला राग आला असेल तर तो मनात ठेवू नकोस, मला सांग. रविवारी दुपारी ओम झोपला की फोन करते. मुलं जवळ नसतील अशा खोलीत बसून बोलू या.

तुमची,
मंजू