उटी की भलतंच?

(निपाणीत जुन्या पी. बी. रोडला चहाचा गाडा. संध्याकाळ. संत्या आणि म्हादू बाकड्यावर. भिशीच्या ग्रुपवर अशोकचा फोटो आलाय, खाली लिहिलंय: 'उटी, फॅमिली'. अशोक हा संत्याचा मावसभाऊ. गेल्या महिन्यात 'हातात पैसे न्हाईत' म्हणून त्यानं भिशीचा हप्ता पुढं ढकललाय, हे आधीच सांगितलेलं बरं.)

म्हादू: संत्या, हे बघ जरा. उटी म्हणे.

संत्या: मग? चहाचे मळे हायत, निळी गाडी हाय, डोंगर हाय. उटी न्हाई तर काय संकेश्वर हाय व्हय?

म्हादू: श्रीलंका हाय गा ही.

संत्या: (चहा सांडत) काय बी बोलालास. हप्ता द्यायला पैसे न्हाईत त्याच्याकडं, आणि श्रीलंकेला जातोय?

म्हादू: तेच तर म्हणालोय मी.

संत्या: जळालास तू. गेल्या वर्षी तुझी काशी-यात्रा रद्द झाली, तवापासनं कुणी फिरायला गेलं की तुझ्या पोटात दुखतंय.

म्हादू: पोटाचं सोड. रूळ बघ. उटीच्या गाडीला दोन रुळांच्या मधी दातेरी पट्टी असते, चढ चढायला. हितं कुठं हाय?

संत्या: हां, हितं सापडलास! ती पट्टी फक्त कल्लार ते कुन्नूर. कुन्नूरच्या वर उटीपर्यंत साधे रूळ. मी स्वतः बसलोय त्या गाडीत, लग्न झाल्यावर. बायको अजून त्याच फोटोवर जीव टाकती.

म्हादू: (जरा गप्प) बरं. ते ऱ्हाऊ दे. मग रुंदी बघ. उटीची लाइन कसली?

संत्या: मीटरगेज. बेळगावला आधी होती की तसलीच, मिरज-लोंढा.

म्हादू: म्हणजे दोन रुळांत अंतर एक मीटर, सव्वातीन फूट. आता वहिनी बघ कुठं उभ्या हायत. दोन रुळांच्या बरोबर मधी. त्यांच्या पायाजवळ ह्या रुळापासनं त्या रुळापर्यंत बोटानं अंतर धर. धरलंस? आता तेच बोट उभं करून वहिनींच्या अंगाला लाव.

संत्या: (स्क्रीनवर अंगठा-तर्जनी ताणत) डोक्याच्या वर जातंय.

म्हादू: मीटरगेज असती तर कमरेच्या जरा वर आलं असतं. हे साडेपाच फूट हाय, ब्रॉडगेज. वहिनी काय तीन फुटाच्या हायत व्हय? श्रीलंकेत डोंगरातली गाडी बी ब्रॉडगेजवरच चालती, आपल्या बेळगावच्या रुळाएवढ्याच रुंदीच्या.

संत्या: अरे पण ब्रॉडगेज आपल्या घाटात बी हाय की. लोंढ्यावरनं कॅसलरॉक, दूधसागर...

म्हादू: हाय की. पण दूधसागरला चहा फक्त थर्मासमधी मिळतोय, डोंगरावर पिकत न्हाई.

संत्या: मग मुन्नार.

म्हादू: मुन्नारला रेल्वेच न्हाई. चहावाल्यांची छोटी गाडी होती, ती 1924 च्या पुरात वाहून गेली. दार्जिलिंगची गाडी तर दोन फुटी रुळावर.

(इथं गाड्यावाल्यानं न विचारता दोन बनपाव पुढं सरकवले. त्याला ठाऊक असतं, वाद लांबला की भूक लागती.)

संत्या: थांब थांब. मागं तो कमानींचा पूल हाय न्हवं? तसला केरळात हाय. तेन्मलाजवळ, तेरा कमानींचा. ती लाइन बी आधी मीटरगेज होती, आता ब्रॉडगेज झालीय. बोल आता!

म्हादू: (कौतुकानं) हे बाकी बरं काढलंस. पण त्या पुलाला लागून हायवे हाय. गाड्या पळत असतात. हितं पुलाखाली नुसतं जंगल आणि केळी. आणि समजा, तेन्मला हाय. मग उटी कुठली? खोटं तर बोललाच की त्यो.

संत्या: चुकून लिहिलं असंल. त्याला भूगोलात पस्तीस मार्क पडलेले.

म्हादू: आता ही कोपऱ्यातली पाटी बघ. मोठं कर. आणखी मोठं. वरची ओळ वाच.

संत्या: गोल गोल हाय. कन्नड हाय ही! चिकमगळूरला गेलाय त्यो.

म्हादू: कन्नड असतं तर तुला-मला वाचता आलं नसतं व्हय? आठ वर्षं मास्तरांच्या छड्या खाऊन शिकलोय. वाच की मग.

संत्या: ...मल्याळम असंल.

म्हादू: बरं, मल्याळम. मधली ओळ?

संत्या: चौकोनी. तमिळ. आणि खाली इंग्रजी, पण पुसट हाय.

म्हादू: मग हिंदी कुठं गेली? बेळगाव स्टेशनात 'रूळ ओलांडू नका' म्हणून पाटी असली तरी कन्नड, हिंदी, इंग्रजी तिन्ही असतात. उटीला रेल्वेच्या पाटीवर तमिळ, हिंदी, इंग्रजी. आपली रेल्वे हिंदी सोडती व्हय? वर सिंहली, मधी तमिळ, खाली इंग्रजी, ही पाटी श्रीलंकेचीच.

(संत्या पाव चहात बुडवतो. पावाचा निम्मा तुकडा कपातच ऱ्हातो. चमच्यानं तो काढण्यात बराच वेळ जातो, आणि तेवढ्यात त्याला नवा मुद्दा सुचतो.)

संत्या: सकाळी फोन केलता मी त्याला. 'आठ वाजले, नाष्टा करालोय' म्हणाला. माझ्या घड्याळात बी आठच. परदेशात टाइम वेगळा असतो.

म्हादू: श्रीलंकेचा टाइम आपल्यासारखाच हाय, मर्दा. मिनिटाचा फरक न्हाई. दुबईला गेला असता तर सापडला असता.

संत्या: मग फोटोची माहिती उघडून बघ की. त्यात जागा असती.

म्हादू: व्हॉट्सअ‍ॅपवरनं साधा फोटो आला की जागा गळून जाती. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ऱ्हाती. त्यानं पाठवला पायजे.

संत्या: मागव. मी पैज लावतो, उटीच निघंल. आजचा चहा-पाव, आणि वर बेळगावचा अर्धा किलो कुंदा.

म्हादू: (टाइप करत) 'अशोक, फोटो झकास. मूळ फोटो डॉक्युमेंट करून पाठव, मोठा काढून देतो. कोपऱ्यातली पाटी लय भारी आलीय.'

संत्या: पाटीचं कशाला लिहितोस? काढ ते!

म्हादू: गेलं.

(दोन टिक. दोन्ही निळ्या. अशोक टाइप करालाय असं वर दिसतंय. मग दिसायचं थांबतं. मग परत दिसतं. मग ग्रुपवरचा फोटोच गायब होतो, आणि त्या जागी मेसेज डिलीट केल्याची ओळ येती.)

म्हादू: कुंदा जरा भाजका घे. पांढुरका नको.

संत्या: उटीला रेंज कमी असती. चुकून दाबला असंल.

म्हादू: स्क्रीनशॉट हाय माझ्याकडं.

संत्या: भिशीत दाखवू नकोस हां, म्हादू. मावशीला कळलं तर पहिल्यांदा मलाच विचारंल.

म्हादू: मग हप्ता त्यो कधी देतोय, ते तू विचार.

संत्या: विचारतो. (गाड्यावाल्याला) किती झालं रं?