ऑक्टोबरच्या २बी जुळणीबद्दल

अनुजा,

सातपूरच्या क्लायंटचं ऑक्टोबरचं ३बी काल वेळेत भरलं गेलं. त्याच्या जुळणीबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, आणि आकडे समोर ठेवून तुला निवांत वाचता यावं, म्हणून लिहितेय.

आधी ती क्रेडिट नोट. ४७,२०० रुपयांची नोट टॅलीत नव्हतीच. तू ती २बीतून शोधलीस आणि ७,२०० रुपयांचं आयटीसी कमी केलंस. २१२ ओळींमध्ये ती कोणी न सांगता सापडणं सोपं नव्हतं. एवढी नजर आहे, म्हणूनच पुढचं स्पष्ट लिहितेय.

‘२बीत नाहीत’ म्हणून सहा बिलांची यादी तू थेट क्लायंटला पाठवलीस. त्यातली चार २बीत होती, चारही एकाच सप्लायरची. टॅलीत नंबर `147`, तर २बीत `SF/0147/25-26`. व्हीलूकअपने ‘नाही’ म्हटलं आणि तू तिथेच थांबलीस. जीएसटीआयएन, तारीख आणि टॅक्सची रक्कम लावून पाहिली असतीस, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. या चार बिलांचं आयटीसी ६१,२०० रुपये. ते सुटलं असतं, तर क्लायंटला तेवढी रक्कम या महिन्यात रोख भरावी लागली असती. शिवाय त्यांनी त्या सप्लायरला ‘रिटर्न भरलं नाही’ म्हणून फोनवर सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितली. त्यांच्या लक्षात हेच जास्त राहील.

दिवाळीच्या मिठाईचं १,८४० रुपयांचं आयटीसी तू २बीत दिसलं म्हणून घेतलंस. सप्लायरने बिल दाखवलं, एवढंच २बी सांगतं. क्रेडिट मिळतं की नाही, ते कलम १७(५) मध्ये बघायचं. भेट म्हणून वाटलेल्या मालाचं मिळत नाही. रक्कम छोटी आहे, मी काढून टाकली. पण असंच संचालकांच्या गाडीच्या बिलाचं घेतलं आणि वापरलं गेलं, तर १८ टक्के व्याज बसतं. १७(५) चा तक्ता मी तुला सुरुवातीलाच द्यायला हवा होता. तो सोबत जोडलाय.

आणि वेळ. २बी १४ तारखेला आलं. तुझ्या शीटवर १७ तारखेच्या शंकेच्या खुणा आहेत, मला मात्र १९ च्या संध्याकाळी कळलं. त्या आठवड्यात मी ऑडिटमध्ये अडकले होते, विचारायला तुला अवघड गेलं असेल. तरीही अडलं की त्याच दिवशी ये, मी कामात असले तरी.

नोव्हेंबरची जुळणीही तूच करायचीस. न जुळलेल्या बिलांची यादी १६ डिसेंबरला आधी माझ्याकडे दे, मग क्लायंटला पाठवू. सोमवारी अकराला अर्धा तास बसून ती चार बिलं दोघी मिळून पुन्हा जुळवू. यातलं काही तुला पटत नसेल तर तेव्हा सांग. शीट तू केली आहेस, माझ्या नजरेतून काही सुटलं असेल.

वैशाली