सण आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांसाठी मुक्काम व दर (दिवेआगर)

२ ते ४ ऑक्टोबर, दिवाळीत ७ ते १४ नोव्हेंबर आणि २४ डिसेंबर २०२६ ते २ जानेवारी २०२७ या तारखांना किमान दोन रात्रींचे बुकिंग घेतले जाईल. ३१ डिसेंबरची रात्र धरायची असल्यास किमान तीन रात्री. खोल्या नऊच आहेत. मधली एक रात्र गेली की पुढची-मागची रिकामी राहते, म्हणून ही अट. मात्र आगमनाच्या चार दिवस आधी एखादी सुटी रात्र उरली असेल, तर ती जरूर देऊ. फोन करून विचारा.

या तारखांना प्रत्येक खोलीमागे प्रतिरात्र ८०० रुपये जादा लागतील. म्हणजे ३,२०० रुपयांची खोली ४,००० रुपयांना, आणि त्यावर जीएसटी. हा आकार खोलीवर आहे, माणशी नाही. नाश्ता दरात धरलेला आहे. जेवणाच्या ताटाचे भाव एरवीचेच राहतील. सुरमई-पापलेट मात्र त्या दिवशीच्या बाजारभावाने.

बुकिंगच्या वेळी निम्मी रक्कम भरावी. पंधरा दिवस आधी रद्द केल्यास ती पूर्ण परत मिळेल, त्यानंतर नाही. पण तीच खोली दुसऱ्या कुणी घेतली, तर ५०० रुपये वजा करून उरलेले परत करू. लवकर निघाल्यास उरलेल्या रात्रीचे पैसे मिळणार नाहीत.

गणपतीत १३ ते १९ सप्टेंबर हॉटेल बंद आहे. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांच्याच घरी गणपती असतो.