सोडून गेलेल्यांशी बोलणं: जानेवारी ते जून, नव्याने लिहिलेला गोषवारा

मोठे शेठ आणि धाकट्या साहेबांसाठी. प्रॉडक्शन मॅनेजर साहेबांनाही कॉपी दिलीय.

गेल्या महिन्यात मी जो गोषवारा दिला होता तो कृपया बाजूला ठेवा, त्याच्या जागी हा वाचा. त्यात मी सगळ्यांचं बोलणं जसंच्या तसं एकाखाली एक लिहून काढलं होतं, आणि ते वाचून मीटिंगमध्ये एकच निष्कर्ष निघाला की लूम शेडच्या मास्तरांमुळे माणसं जातायत, त्यांना बदला. माझं मत तसं नाही. तो निष्कर्ष माझ्या लिहिण्यामुळे निघाला, कारण रागाच्या भरात बोललेलं आणि खरंच पुन्हा पुन्हा आलेलं कारण हे मी वेगळं केलंच नव्हतं. म्हणून सगळ्या नोट्स परत काढून बसलो, पाच जणांना परत फोन केले, पगारपत्रक आणि गेटचं रजिस्टर समोर ठेवून ताडून बघितलं.

सहा महिन्यांत 17 जण गेले, त्यातले 14 जण बोलले, तिघांनी फोन उचलला नाही. कुणाचंही नाव इथे दिलेलं नाही आणि काही ठिकाणी विभागही मुद्दाम लिहिला नाही, कारण आपल्याकडे सायझिंगला मोजून चार माणसं, विभाग सांगितला की माणूस कळतो. मी त्यांना शब्द दिलाय.

वेगळं कसं केलं ते आधी सांगतो. एखादी गोष्ट किमान तीन जणांनी, मी न विचारता, स्वतःहून सांगितली, आणि सोबत तारीख, रक्कम किंवा घडलेला प्रसंग दिला, तरच तिला वारंवार येणारं कारण धरलंय. नुसता "तो माणूसच बरोबर नाही ओ" असा सूर असेल, प्रसंग काही नसेल, तर ते मनातलं बाहेर काढणं. ते खोटं असतं असं मी म्हणत नाहीये, पण त्याच्यावर कंपनीचा निर्णय घेता येत नाही. तिसरा ढीग घरगुती कारणांचा: एकीचं लग्न ठरलं, एकाच्या आईचं आजारपण, एक जण शेतीसाठी मोहोळकडे गावी परत गेला. या तिघांना आपण थांबवू शकलो नसतो, फक्त शेतीवाल्याने जाताना ओटीचाही विषय काढला, तो पुढे मोजलाय.

आणि एक गोष्ट, "पुण्यात जास्त मिळतंय" हे उत्तर मी कारण म्हणून धरलेलंच नाही. 14 पैकी 8 जणांनी पहिल्यांदा हेच सांगितलं. आपल्याकडे हे तयार उत्तर आहे, समोरच्याला वाईट वाटत नाही, विषय संपतो. पण पुण्याला जाऊन खोलीचं भाडं, मेस, शनिवारी रात्रीचं येणं-जाणं हे सगळं जमेला धरलं तर हातात फार उरत नाही, हे त्यांनीच महिनाभरानंतर फोनवर सांगितलं. कुठे गेला आणि का गेला हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पाळीचा चार्ट उशिरा कळणं (14 पैकी 9)

हे सगळ्यात मोठं. रविवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार्ट पडतो, पुढच्या आठवड्यात तो दोनदा तरी बदलतो, आणि बदल बऱ्याचदा रात्री नऊ-साडेनऊला येतो. आपल्याला वाटतं सकाळी सातच्या ऐवजी नऊला बोलावलं तर काय बिघडलं, उलट दोन तास जास्त झोप. चेकिंगमधल्या एका ताईंनी मला जे सांगितलं ते ऐकल्यावर मला तसं वाटेनासं झालं. त्या विडी घरकुल भागातनं येतात. नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, ज्या दिवशी येणार त्या दिवशी घरात कुणीतरी असावंच लागतं, बॅरल, पिंप, हंडे सगळं भरून घ्यायला. त्यांचं आणि जावेचं ठरलेलं, एकीची सकाळपाळी असली की दुसरी पाण्याला थांबणार. जाऊ पण दुसऱ्या कारखान्यात शिलाईवर. त्यांनी पिशवीतनं मुलाची जुनी वही काढली, तिच्यात मागच्या पानांवर दोघींच्या पाळ्या आणि पाण्याचे दिवस पेन्सिलीने लिहिलेले होते, पेन्सिलीने कारण पुसायला लागतं. मे महिन्याच्या पानावर एवढं खोडलं होतं की कागद फाटला होता. म्हणाल्या, "सायेब, काम जड नाही मला, उद्या कधी यायचंय ते आज दुपारी सांगा की, एवढंच."

बाकी आठ जणांची कारणं वेगवेगळी आहेत, कुणाचं पोराला शाळेत सोडणं, कुणाचा जोडधंदा, एकाची तर बहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी पाळी बदलली. पण मुद्दा एकच. कुणीही पाळी बदलू नका असं म्हटलेलं नाही. माल अर्जंट असतो, कंटेनरची तारीख असते, हे त्यांना आपल्याइतकंच कळतं.

ओटीचे तास जुळत नाहीत (7)

दराबद्दल एकाचीही तक्रार नाही, कायद्याप्रमाणे दुप्पट द्यायचा तो आपण देतो. तक्रार तासांची आहे. एका लूम ऑपरेटरने घरच्या भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं होतं, प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात तास लिहिलेले. मार्च महिन्याची त्याची बेरीज 42.5 तास. पगारस्लिपवर 31. मी थंब मशीन आणि गेटचं रजिस्टर दोन्ही मिळवून मोजलं तर 39.5 निघाले. म्हणजे त्याचेही 3 तास जास्तच धरले होते, एक रविवार बदली सुट्टीचा होता तो त्याने ओटीत घातला होता, समजावून सांगितल्यावर त्याने लगेच मान्य केलं. पण आपलेही 8.5 तास कमी होते. त्यातले 6 तास दोन दिवसांचे, त्या दिवशी मशीन बंद होतं म्हणून गेटच्या वहीत सही घेतली आणि ती वही पगाराला बसणाऱ्या माणसापर्यंत पोचलीच नाही. उरलेले अडीच तास अर्धा-अर्धा तास कापून गेले, कारण साडेतीन तास झाले की सिस्टीम तीनच धरते.

यात कुणी पैसे खाल्ले असं मला कुठेही दिसलं नाही, हे मी ठामपणे लिहितोय, कारण शेडमध्ये तशी कुजबुज आहे. पण तासांचा हिशोब मागायला गेलेल्या माणसाला "सिस्टीममध्ये आहे ते आहे" असं उत्तर मिळालं की त्याच्या डोक्यात तेच येणार. शेतीवाला जाता जाता म्हणाला, पैसे थोडेच होते, पण मला खोटं पाडलं ते लागलं.

लूम शेडमधली उष्णता (5)

हे पाचही जण एप्रिल-मेमध्ये गेले. सोलापूरचा उन्हाळा काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको, बाहेरच पारा चाळीसच्या वर, आणि आत सूत तुटू नये म्हणून दमटपणा ठेवावा लागतो, त्यामुळे घाम वाळतच नाही. हे धंद्यातच आहे, मान्य. जे टाळता आलं असतं ते म्हणजे पश्चिमेकडचे दोन एक्झॉस्ट फॅन महिनाभर बंद होते आणि वॉटर कूलर नुसता टाकी म्हणून वापरात होता. पाचातल्या तिघांनी या दोन्ही गोष्टी न विचारता सांगितल्या. मेंटेनन्सच्या वहीत फॅनची नोंद आहे, पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही.

भरतीच्या वेळचा शब्द (4)

हेल्पर म्हणून घेताना "सहा महिन्यांत लूमवर घेऊ" असं सांगितलं जातं, मग कुणी घेत नाही. लिहून काहीच दिलेलं नसतं. हे माझ्याच विभागाकडून होतंय, मी ते बंद करतोय, यापुढे जेवढं लेखी देता येईल तेवढंच बोलायचं.

आता मास्तरांबद्दल

आठ जणांनी त्यांचं नाव काढलं आणि आकडा मोठा आहे, म्हणूनच मागच्या वेळी गैरसमज झाला. नीट वाचलं तर त्यातल्या पाच जणांनी जे प्रसंग सांगितले ते पाचही पाळी बदलली त्या रात्रीचे किंवा पगाराच्या दिवशी ओटीवरून झालेल्या वादाचे आहेत. चार्ट मास्तर ठरवत नाहीत, तास मास्तर कापत नाहीत, पण सांगायला तेच पुढे उभे असतात म्हणून राग त्यांच्यावर निघतो. ते ओरडतात हे खरं, त्यांच्याशी बोलायला हवं, ते मी बोलेन. पण त्यांना बदलून चार्ट तसाच ठेवला तर सहा महिन्यांनी नव्या मास्तरांचं नाव याच कागदावर येईल. दोघांचं बोलणं नुसत्या सुराबद्दल होतं, प्रसंग काही नाही, ते मी मनातलं बाहेर काढणं यात ठेवलंय.

उरलेल्या एका व्यक्तीचं म्हणणं मी कोणत्याच ढिगात टाकलेलं नाही आणि इथे ते लिहिणारही नाही. ती तक्रार एकाचीच असली तरी तिला तीन जणांचा नियम लागत नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे आपली जी अंतर्गत समिती आहे तिच्याकडे ती कशी द्यायची हे मी त्या व्यक्तीला सांगितलंय, पुढचं समिती बघेल. मीटिंगमध्ये यावर चर्चा होऊ नये ही माझी कळकळीची विनंती.

बाकी मनातलं बाहेर काढणं म्हणजे कँटीनचा पातळ रस्सा, कुणाला दिवाळीचा बॉक्स मोठा मिळाला, अमक्याचा भाचा लवकर पर्मनंट झाला. शेवटचं एकाच माणसाने सांगितलंय, अजून दोघांनी सांगितलं तर मी ते वर आणेन.

मला हवं ते

चार्ट शनिवारी दुपारी दोनपर्यंत लागावा आणि त्यानंतरचा बदल आदल्या दिवशी दुपारी तीनच्या आत कळवावा. त्यानंतर बदल करावा लागलाच तर यायचं की नाही हे कामगाराने ठरवावं, नाही म्हणणाऱ्यावर गैरहजेरी लागू नये. प्रॉडक्शनला हे जड जाईल, मॅनेजर साहेबांशी माझं बोलणं झालंय, अर्जंट ऑर्डरसाठी तयार असलेल्या आठ-दहा जणांची वेगळी यादी करायची कल्पना त्यांचीच आहे.

ओटीची यादी दर महिन्याच्या 2 तारखेला गेटजवळ लावावी, म्हणजे 7 तारखेच्या पगाराआधी ज्याला बोलायचं तो बोलेल. मार्चचे राहिलेले 8.5 तास त्या ऑपरेटरला तो गेला असला तरी द्यावेत, आणि जानेवारीपासून मशीन बंद होतं त्या सगळ्या दिवसांची गेटची वही तपासून आत काम करणाऱ्यांचेही राहिलेले तास द्यावेत. अर्धा तास धरायचं सेटिंग मी सॉफ्टवेअरवाल्याला विचारलंय, होतं म्हणाला. फॅन आणि कूलरचं बिल धाकट्या साहेबांच्या टेबलावर आहे.

बोललेल्यांपैकी तिघांनी सांगितलंय की चार्टचं नीट होणार असेल तर परत येऊ. त्यात त्या चेकिंगवाल्या ताई पण आहेत. त्यांना मी अजून फोन केलेला नाही, तुमचा निर्णय झाल्यावरच करणार.