थकीत भाड्याच्या मागणीची कायदेशीर नोटीस

दिनांक : 6 जानेवारी 2026

पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, तसेच समक्ष बजावणीसाठी

प्रति,
श्री. रमेश सोपान ढवळे,
व्यवसाय : शिलाईकाम,
तळमजला, घर क्रमांक 412, नारायण पेठ, पुणे 411030

विषय : मार्च 2025 ते डिसेंबर 2025 या काळातील थकीत भाड्याची मागणी

महोदय,

माझ्या अशील श्रीमती मालती दत्तात्रय जोगळेकर, राहणार घर क्रमांक 412, नारायण पेठ, पुणे, यांनी दिलेल्या माहितीवरून व त्यांच्या सूचनेवरून आपणांस ही नोटीस देण्यात येत आहे.

वर नमूद घराच्या तळमजल्यावरील, रस्त्याच्या बाजूचा, अंदाजे 140 चौरस फुटांचा दुकानगाळा 1 एप्रिल 2019 रोजीच्या नोंदणीकृत भाडेकराराने आपणांस शिलाईच्या व्यवसायासाठी दरमहा रु. 8,000 भाड्याने देण्यात आला असून, भाडेमहिना इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे आहे आणि प्रत्येक महिन्याचे भाडे त्याच महिन्याच्या 5 तारखेपर्यंत देण्याचे आपण कबूल केले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 11 नुसार अनुज्ञेय असलेली 4 टक्के वाढ अशिलांनी 10 मार्च 2025 रोजीच्या पत्राने आपणांस कळविली, व त्याप्रमाणे 1 एप्रिल 2025 पासून भाडे दरमहा रु. 8,320 झाले. हे पत्र आपण स्वतः सही करून स्वीकारले आहे. गेली सहा वर्षे अशिलांनी ही एवढी एकच वाढ मागितली आहे, हेही येथे नमूद करणे योग्य होईल.

फेब्रुवारी 2025 पर्यंतचे भाडे आपण दिले असून पावती पुस्तकातील पावती क्रमांक 71 च्या स्थळप्रतीवर आपली सही आहे. त्यानंतर मात्र एकही महिन्याचे भाडे वेळेवर आलेले नाही. मार्च 2025 चे रु. 8,000 आणि एप्रिल ते डिसेंबर 2025 या नऊ महिन्यांचे, दरमहा रु. 8,320 प्रमाणे, रु. 74,880 मिळून एकूण रु. 82,880 आपणांकडून येणे होते. यांपैकी 10 ऑगस्ट 2025 रोजी आपण यूपीआयद्वारे रु. 15,000 अशिलांच्या खात्यात जमा केले. ती रक्कम सर्वांत जुन्या थकबाकीत, म्हणजे मार्चचे पूर्ण भाडे व एप्रिलच्या भाड्यापैकी रु. 7,000 अशी, वळती करून घेतली आहे. ती वजा जाता आजअखेर रु. 67,880 (अक्षरी रुपये सदुसष्ट हजार आठशे ऐंशी फक्त) आपणांकडून येणे बाकी आहे.

3 ऑक्टोबर 2025 रोजीचा रु. 25,000 चा जो धनादेश आपण अशिलांना दिला होता, तो खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या शेऱ्यासह 8 ऑक्टोबर रोजी परत आला. दिवाळीचे कपडे गिऱ्हाइकांना दिले की पैसे हाती येतील, तोवर धनादेश पुन्हा भरू नका, असे आपण अशिलांना दुकानातच सांगितले आणि त्यांनी आपल्या शब्दावर विश्वास ठेवला. दिवाळी होऊन आता दोन महिने उलटले आहेत. धनादेश वटला नसल्याने त्याची कोणतीही रक्कम वरील हिशेबात जमा धरलेली नाही. गाळ्याच्या वीजबिलाबाबतचा वाद वेगळा असून तोही या मागणीत मिसळलेला नाही.

सबब आपणांस या नोटिशीने कळविण्यात येते की, वरील रु. 67,880 आपण ही नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांच्या आत किंवा सोमवार, दिनांक 20 एप्रिल 2026 पर्यंत, यांपैकी जी तारीख नंतरची असेल त्या अंतिम मुदतीत, अशिलांच्या बँक खात्यात जमा करावेत किंवा त्यांच्याकडे समक्ष भरून रीतसर पावती घ्यावी. जानेवारी 2026 पासूनचे चालू भाडे या रकमेव्यतिरिक्त असून ते दरमहा ठरलेल्या तारखेस देत राहावे. थोडी रक्कम भरल्याने ही मागणी मागे घेतली, असा अर्थ होणार नाही.

मुदतीत संपूर्ण रक्कम न आल्यास, उक्त अधिनियमाच्या कलम 15 नुसार गाळ्याचा ताबा व थकबाकी मिळण्यासाठी लघुवाद न्यायालय, पुणे येथे दावा दाखल करण्याच्या स्पष्ट सूचना अशिलांनी मला दिल्या आहेत. दावा दाखल झाल्यावर ताब्याचा हुकूम टाळायचा असेल, तर समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत त्या वेळची सर्व थकबाकी द.सा.द.शे. 15 दराने सरळ व्याजासह न्यायालयात भरावी लागते, पुढे दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहावे लागते आणि दाव्याचा खर्चही द्यावा लागतो. आज अशील व्याज मागत नाहीत, ही बाब आपण लक्षात घ्यावी.

वरील हिशेबातील एखादी रक्कम आपणांस मान्य नसल्यास, आपल्याकडील पावत्या किंवा बँकेचे उतारे यांच्या प्रतींसह 15 दिवसांत माझ्याकडे लेखी कळवावे. अशा पत्रव्यवहारामुळे वरील मुदत वाढणार नाही.

या नोटिशीचा खर्च रु. 2,500 आपणांवर बसविण्यात आला असून तो थकबाकीव्यतिरिक्त देय आहे. नोटिशीची स्थळप्रत माझ्या कार्यालयात ठेवली आहे.

कळावे.

(सही)
ॲड. सुनील विनायक पाटणकर
वकील, पुणे
श्रीमती मालती दत्तात्रय जोगळेकर यांच्याकरिता