टिपण : एसआयईएमचे लॉग किती दिवस ठेवायचे आणि अलर्ट कुठे वाजवायचे

प्रति : मुख्य व्यवस्थापक, आयटी
विषय : मोठी खरेदी न करता या आर्थिक वर्षाची सोय

आपल्या पतसंस्थेच्या एसआयईएमवर २ टीबी डिस्क आहे. ८५ टक्के भरली की ओपनसर्च नवीन शार्ड घेत नाही आणि ९५ टक्क्यांवर इंडेक्समध्ये लिहिणेच बंद होते. म्हणून हिशेब १,७०० जीबीचाच धरला आहे.

रोज २४ जीबी लॉग येतात : फायरवॉल १२, विंडोज ८, उरलेले ४. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग भारतातच ठेवणे बंधनकारक आहे. ते सगळे शोधता येतील असे ठेवायचे तर नुसते कच्चे लॉगच ४,३२० जीबी होतात. पण निर्देश लॉग जपायला सांगतात, इंडेक्स करायला नाही. आपली वाट तिथेच आहे.

विंडोजच्या ८ पैकी ५ जीबी एकट्या ५१५६ क्रमांकाच्या इव्हेंटचे, म्हणजे परवानगी मिळालेल्या प्रत्येक कनेक्शनची नोंद. हीच माहिती बहुतांशी फायरवॉलकडेही असते, म्हणून ग्रुप पॉलिसीतून ती बंद करू. आधी एका शाखेच्या संगणकावर चाचणी :

```
auditpol /set /subcategory:"Filtering Platform Connection" /success:disable
```

नाकारलेल्या कनेक्शनची नोंद चालूच राहील. उरलेले १९ जीबी रोज रात्री जीझिप करून जुन्या नॅसवर जातील. आपल्या लॉगवर आकार दहाव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे १८० दिवसांना सुमारे ३४५ जीबी. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश वेगळ्या सर्व्हरवर ठेवू.

फायरवॉलची परवानगी दिलेली ९ जीबी रहदारी फक्त नॅसवर. इंडेक्समध्ये रोज १० जीबी जातील. दीडपट वाढ धरून ९० दिवसांना १,३५० जीबी लागतात. उरलेली जागा एखाद्या गोंधळाच्या दिवसासाठी मोकळी हवी, तिच्यावर दुसरे काही टाकू नये.

अलर्टबाबत मी ठाम आहे : पाहणारी माणसे दोन, रात्रपाळी नाही. चुकलेल्या पासवर्डची सध्याची मर्यादा ५ आहे, त्यामुळे पासवर्डची मुदत संपली की शाखांचा पाऊस पडतो आणि खरा अलर्ट त्यात बुडतो. एका खात्यावर ५ मिनिटांत १५ वेळा ४६२५, म्हणजे चुकलेल्या लॉगिनची नोंद, आली तरच अलर्ट. मात्र एकाच आयपीवरून १० मिनिटांत ८ वेगवेगळी खाती चुकली तर थेट फोन, कारण पासवर्ड स्प्रेइंग असे एका खात्यावर दिसतच नाही. खाते लॉक झाल्याच्या ४७४० चा फक्त सकाळचा अहवाल.

सिक्युरिटी लॉग पुसल्याची ११०२ आणि डोमेन ॲडमिन गटात कोणी आल्याची ४७२८ यांना मर्यादा नको, पहिल्याच नोंदीला फोन, रात्रीसुद्धा. सर्ट-इनला घटना कळवायला लक्षात आल्यापासून ६ तासच मिळतात. फायरवॉलकडून १५ मिनिटे एकही ओळ आली नाही किंवा डिस्क ७५ टक्क्यांवर गेली, तरी फोन.

मंजुरी हवी ती दोनच गोष्टींना : ५१५६ बंद करणे आणि नॅससाठी एक जादा डिस्क. मर्यादा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासू. नॅसवरची एक फाइल त्याच दिवशी उघडून, शोधून पाहू.